घर सोडल्याचं पत्र पोचलं, हे दाखवणार कसं?

माझा भाचा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. मडगावात त्यानं फ्लॅट भाड्यानं घेतला होता. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, भाडं 18,000 आणि डिपॉझिट 36,000. घरमालक राहायला फोंड्याला. गेल्या वर्षी नोव्हेंबरात भाच्याची बदली ठरली. तो मला म्हणाला, ‘‘मामा, मालकांना फोन करून सांगितलंय, डिसेंबरअखेर सोडतो म्हणून. ‘ठीक आहे’ म्हणाले.’’

मी त्याला करार आणायला सांगितलं. त्यात लिहिलं होतं की कोणत्याही पक्षाला करार मुदतीआधी संपवायचा असेल, तर रजिस्टर्ड पोस्ट ए.डी.नं किंवा हातोहात देऊन एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी, आणि तो महिना नोटीस मिळाल्या दिवसापासून मोजावा. नोटीस न देता सोडल्यास एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापलं जाईल. फोनवरचं ‘ठीक आहे’ या कलमात कुठंच बसत नव्हतं. म्हणजे प्रश्न सरळ 18,000 रुपयांचा होता.

भाड्याच्या घराचं पत्र हेच उदाहरण धरून पुढचं सगळं सांगतो, कारण डिपॉझिटवरून होणारी भांडणं बहुतेक इथंच अडतात. मालक क्वचितच म्हणतो की तू घर सोडलं नाहीस. तो म्हणतो, ‘‘तुझं पत्र मला मिळालंच नाही,’’ किंवा ‘‘मिळालं, पण उशिरा.’’

प्रत्येक रस्ता वेगळी गोष्ट सिद्ध करतो

लोक विचारतात, ईमेल चालेल की पोस्टच करायला हवं? एकच काहीतरी निवडायचं, हा विचारच इथं चुकतो. पोस्टाची पावती एवढंच सांगते की अमुक दिवशी अमुक पत्त्यावर एक पाकीट गेलं. आत काय होतं ते पोस्टाला माहीत नसतं. ‘पाकिटात कोरा कागद होता’ ही पळवाट जुनीच आहे. ईमेलचं उलटं असतं. त्यात शब्द न् शब्द आणि वेळेची नोंद राहते, पण तो पत्ता मालकाचाच आहे का आणि त्यानं तो पाहिला का, हा वाद उरतो. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर मालकाची सही मिळाली तर मजकूर आणि माणूस दोन्ही एकाच कागदावर येतात. अडचण एवढीच की सही करणं त्याच्या मर्जीवर असतं.

म्हणून तिन्ही वाटा एकमेकींत गुंफायच्या. पत्रात ईमेलचा उल्लेख करायचा, ईमेलमध्ये पोस्टाच्या पावतीचा नंबर द्यायचा आणि सहीच्या प्रतीवर तेच पत्र, तीच तारीख ठेवायची. मग एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

आधी करार, मग पेन

करारातलं नोटिशीचं कलम बोट ठेवून वाचा. त्यात चार गोष्टी शोधायच्या: नोटीस किती दिवसांची, ती कशी पाठवायची, कोणत्या पत्त्यावर, आणि मुदत कधीपासून मोजायची. यातली शेवटची सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. पाठवल्या तारखेपासून मोजायचं असेल तर पावतीवरची तारीख पुरते. मिळाल्या तारखेपासून मोजायचं असेल तर पोस्टाचा प्रवास, बंद दार आणि मधल्या सुट्ट्या हे सगळं तुमच्या हिशेबातून जातं.

करारात यातलं काहीच नसेल, आणि तो लायसन्स, म्हणजे नुसती राहण्याची परवानगी, नसून महिन्याच्या महिन्याला चालणारं भाडेपट्ट्याचं नातं असेल, तर ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्टचं कलम 106 लागतं. त्यात महिनेवारी भाडेपट्ट्याला 15 दिवसांची नोटीस सांगितली आहे. 2003 च्या दुरुस्तीनंतर ते दिवस नोटीस मिळाल्यापासून मोजतात. नोटीस लेखी आणि सही केलेली हवी. ती पोस्टानं पाठवता येते, स्वतः हातात देता येते, किंवा त्या माणसाच्या राहत्या घरी त्याच्या कुटुंबातल्या कुणाकडे किंवा नोकराकडे देता येते. तेही जमलं नाही तर जागेवर ठळकपणे चिकटवता येते. तुमचा करार वेगळ्या प्रकारचा असला तरी ही पद्धत डोळ्यांसमोर ठेवायला चांगली आहे. जुन्या, वर्षानुवर्षांच्या भाडेकरूंना मात्र गोव्याचा 1968 चा भाडेनियंत्रण कायदा लागू होऊ शकतो. तुम्ही तशा घरात असाल तर पत्र लिहिण्याआधी वकिलाला कागद दाखवा.

गोव्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. इथल्या नागरी संहितेप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरली जाते. त्यामुळे इथल्या कितीतरी करारांत मालक म्हणून दोघांचीही नावं असतात. नोटीसही दोघांच्या नावानं काढा आणि दोघांना वेगवेगळ्या पाकिटांत पाठवा. खर्च थोडा वाढतो, पण ‘मला कुणी कळवलंच नाही’ म्हणायला जागा राहत नाही. मालक आखातात किंवा इंग्लंडात असेल आणि करारावर त्याच्या मुखत्यारानं सही केली असेल, तर एक प्रत मुखत्याराला आणि एक मालकाच्या करारातल्या पत्त्यावर. मुखत्याराचं नाव पत्रात ‘तर्फे’ म्हणून लिहा, नुसतं त्याच्या नावानं पत्र काढू नका.

भाच्याच्या बाबतीत करारावर मालक आणि त्यांची पत्नी दोघांच्याही सह्या होत्या. पाकिटं दोन झाली.

पत्रात काय असावं

पत्र लहान असावं. एक पान पुरतं. पण त्यातलं वाक्य ठाम हवं. ‘घर सोडण्याचा विचार आहे’, ‘बहुधा डिसेंबरात निघेन’ यानं काहीच संपत नाही. मालक म्हणेल, विचार होता, निर्णय नव्हता. भाच्याचं पत्र साधारण असं होतं:

‘‘आपल्यात झालेल्या दि. 5 जुलै 2025 च्या लिव्ह अँड लायसन्स करारातील नोटिशीच्या कलमानुसार मी या पत्राद्वारे एक महिन्याची नोटीस देत आहे. हा करार 31 डिसेंबर 2025 रोजी, किंवा ही नोटीस आपणांस मिळाल्यापासून एक महिना पूर्ण होईल त्या दिवशी, यांपैकी जी तारीख नंतरची असेल त्या तारखेस संपुष्टात येईल. त्या दिवशी मी जागेचा ताबा आणि चाव्या आपल्या स्वाधीन करीन. डिपॉझिट रु. 36,000 त्याच वेळी परत करावे. हेच पत्र आज स्पीड पोस्टने नोंदणी व पोचपावतीसह, तसेच करारात नमूद केलेल्या आपल्या ईमेल पत्त्यावर पाठवले आहे.’’

‘यांपैकी जी तारीख नंतरची असेल’ हे शब्द जोडायला विसरू नका. पत्र मिळायला उशीर झाला तर नुसती एकच तारीख घातलेली नोटीस मुदतीला कमी पडते आणि भांडण तिथून सुरू होतं. या वाक्यामुळे नोटीस पूर्ण कोसळत नाही. फार तर तारीख चार दिवस पुढे सरकते.

पत्राची भाषा करार ज्या भाषेत आहे तीच ठेवावी असं माझं मत. करार इंग्रजीत असेल तर इंग्रजीत. मालकाला मराठी वाचायला आवडत असेल तर सोबत मराठी प्रत जोडा, पण शब्द करारातलेच राहू द्यात. तीन प्रती काढा आणि तिन्हींवर शाईनं सही करा. झेरॉक्सवरची सही नको.

पत्रात तक्रारी भरू नका. गळणारं छत, पाण्याची टाकी, शेजाऱ्याचं कुत्रं हे सगळं मनात असतं, पण त्यामुळे मालकाला मूळ मुद्दा सोडून उत्तर द्यायची सोय होते. त्यासाठी वेगळं पत्र लिहा.

पोस्टाच्या खिडकीवर

इथं एक बदल लक्षात घ्यायला हवा. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टपाल खात्यानं जुनं रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं. तुमच्या करारात अजून ‘रजिस्टर्ड पोस्ट ए.डी.’ असेल, कारण करार जुन्या नमुन्यावरून टाइप होतात. पण खिडकीवर ती स्वतंत्र सेवा आता मिळत नाही. घाबरायचं कारण नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टावर ‘रजिस्ट्रेशन’ ही जोडसेवा मागता येते. तिचा आकार 5 रुपये अधिक जीएसटी. 50 ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला गावाबाहेर स्पीड पोस्टाचे 47 रुपये आणि वर कर. पोचपावतीचे वेगळे. शंभराच्या नोटेत सगळं होतं.

रजिस्ट्रेशन आणि साधं स्पीड पोस्ट यांत फरक मोठा आहे. साधं स्पीड पोस्ट पत्त्यावर पोचवायचं असतं. घरात जो असेल त्याच्याकडे दिलं की काम झालं. रजिस्ट्रेशन मागितलं की पाकीट ज्याच्या नावाचं आहे त्याच्याच हातात, किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसाच्या हातात द्यायचं. खिडकीवरच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा: ‘‘स्पीड पोस्ट, रजिस्ट्रेशनसह, आणि पोचपावती हवी.’’ नुसतं ‘रजिस्टर करा’ म्हणालात आणि गर्दी असेल तर साधं स्पीड पोस्ट होऊन हातात पावती येईल. पावती घेतल्यावर तिथंच उभं राहून वाचा. रजिस्ट्रेशनचा आकार तिच्यावर स्वतंत्र दिसला पाहिजे. नाव आणि पिनकोडही तपासा.

रजिस्टर पोस्टाचा एवढा आग्रह का, तर 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम 27. कायद्यानं पोस्टानं कळवायला सांगितलेलं असेल आणि पत्र योग्य पत्ता लिहून, पुरेसा आकार भरून रजिस्टर पोस्टानं टाकलेलं असेल, तर ते सर्वसाधारण टपालाच्या वेळेत पोचलं असं गृहीत धरलं जातं. तसं झालं नाही हे समोरच्यानं दाखवायचं. हा फायदा कुरियरला त्याच ताकदीनं मिळत नाही. कुरियरची पावती जोडीला असली तर असू दे, पण ती एकटी नको.

या गृहीतकाचा सगळा भार ‘योग्य पत्ता’ या दोन शब्दांवर आहे, आणि गोव्यातले पत्ते हा एक स्वतंत्र विषय आहे. पंचायतीनं दिलेला घर नंबर, त्याला लागलेलं ‘अ’ किंवा ‘ब’, वाड्याचं नाव, जवळचं देऊळ किंवा कपेल. एकाच वाड्यावर एकाच आडनावाची पाच घरं असतात. पत्ता करारात जसा छापलाय तसाच उतरवून घ्या, अगदी त्याच अक्षरांत. ‘मडगाव’चं ‘मार्गांव’ की ‘मारगाव’ हा तुमचा निर्णय नाही, करारात जे आहे तेच. वर खुणेची जागा, मोबाइल नंबर आणि पिनकोड घाला. फोंड्याचा 403401, मडगावचा 403601, पणजीचा 403001, म्हापशाचा 403507. पिनकोड चुकला की पाकीट डिचोलीच्या रस्त्याला लागतं आणि चार दिवसांनी परत वळतं. मालकानं नंतर दुसरा पत्ता लेखी कळवला असेल तर दोन्ही पत्त्यांवर पाठवा.

कोऱ्या कागदाच्या पळवाटेवर एक साधा उपाय आहे. पाकिटाच्या डाव्या बाजूला वर लिहा: ‘विषय: भाडेकरार समाप्तीची नोटीस, दि. 17 नोव्हेंबर 2025’. पोचपावतीच्या कार्डावरही तीच ओळ लिहा. मग मालकाची सही होईल ती त्या ओळीखाली. कोरा कागद मिळाला होता तर त्यानं त्याच आठवड्यात ‘कोरा कागद का पाठवलात’ असं विचारलं असतं, हा युक्तिवादही आपल्या बाजूनं उभा राहतो. पाकीट बंद करण्याआधी पत्र आणि पाकीट शेजारी ठेवून एक फोटो काढा. तो निर्णायक पुरावा नाही, पण जोडीला बरा.

पोस्टाची पावती थर्मल कागदावर येते. गोव्याच्या दमट हवेत ती वर्षभरात फिकट होते. मी एक पावती पाकिटात ठेवली होती, पुढच्या पावसाळ्यानंतर तिच्यावर वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणून त्याच दिवशी तिची झेरॉक्स आणि मोबाइलवर स्वच्छ फोटो. पावतीवरचा तेरा अक्षरांचा नंबर, सुरुवातीला दोन अक्षरं, मग नऊ आकडे आणि शेवटी IN, हा वहीत वेगळा उतरवून ठेवा.

भाच्यानं सोमवारी 17 नोव्हेंबरला मडगावच्या पोस्टातून दोन्ही पाकिटं टाकली.

ईमेल, पोस्टाच्या पायरीवरूनच

ईमेल पोस्ट केल्यानंतर पाठवायची, आधी नाही, कारण तिच्यात पावतीचे नंबर घालायचे असतात. त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात. पत्ता करारातलाच घ्यायचा. करारात नसेल तर ज्या पत्त्यावरून मालकानं पूर्वी तुम्हाला भाड्याची पावती किंवा करार पाठवला तो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 13 प्रमाणे समोरच्यानं विशिष्ट ईमेल पत्ता नेमून दिलेला असेल, तर संदेश त्या पत्त्यात शिरला की मिळाला असं धरतात. त्यानं उघडला की नाही हा प्रश्न त्यात येत नाही. म्हणून करारात ईमेल पत्ता असणं मोलाचं. पुढच्या वेळी करार करताना ‘नोटीस पुढील ईमेलवर पाठवल्यासही ती वैध मानली जाईल’ ही ओळ घालून घ्या. भाच्याच्या करारात दोघांचे ईमेल पत्ते होते, पण नोटीस ईमेलनं चालेल असं म्हटलेलं नव्हतं. त्यामुळे त्याची ईमेल हा जोडीचा पुरावा होता, नोटीस स्वतः नव्हे. हा फरक विसरून कित्येक जण नुसत्या ईमेलवर निर्धास्त बसतात.

सहीच्या पत्राचा स्कॅन पीडीएफ म्हणून जोडा, आणि पत्राचा पूर्ण मजकूर ईमेलच्या अंगातही टाका. ड्राइव्हची लिंक पाठवू नका. लिंकमागची फाइल उद्या बदलता येते, आणि मालक ‘उघडलीच नाही’ म्हणायला मोकळा. पीडीएफला पासवर्डही नको. विषयाच्या ओळीत पाकिटावरचीच ओळ. शेवटी लिहा: ‘हेच पत्र आज स्पीड पोस्टने पाठवले असून पावती क्रमांक अमुक आणि तमुक आहेत. कृपया मिळाल्याचे कळवावे.’ गुप्त प्रत स्वतःच्या दुसऱ्या ईमेलवर घ्या. ती तिथं पोचली म्हणजे ईमेल खरोखर बाहेर पडली, नुसती ‘पाठवलेल्या’त पडून राहिलेली नाही, हे दिसतं.

पाठवल्यावर दहा मिनिटं थांबा. पत्ता चुकीचा असेल किंवा मेलबॉक्स भरला असेल तर mailer-daemon या नावानं परतीचा संदेश येतो. तो आला तर ईमेल पोचली नाही असं समजा आणि दुसरा मार्ग धरा. तो आला नाही म्हणजे मालकानं वाचली असा अर्थ होत नाही, एवढंच की सर्व्हरनं ती परत फेकली नाही.

जीमेलमध्ये पाठवलेली ईमेल उघडून उजवीकडच्या तीन टिंबांत Show original हा पर्याय आहे. तिथं वर Message-ID आणि वेळ दिसते. त्याच पानावरून मूळ ईमेल .eml फाइल म्हणून उतरवून ठेवा. नुसत्या स्क्रीनशॉटपेक्षा तिला वजन जास्त. प्रकरण कोर्टात गेलंच तर छापील ईमेलसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते वकील करून घेईल, पण मूळ ईमेल आणि तो फोन किंवा लॅपटॉप तुमच्याकडे असायला हवा. म्हणून काहीही पुसू नका, आणि कंपनीच्या ईमेलवरून तर अशी पत्रं पाठवूच नका. नोकरी सुटली की ती पेटी बंद होते. भाच्यानं पहिला मसुदा कंपनीच्याच पत्त्यावरून लिहायला घेतला होता!

व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाकायला हरकत नाही. दोन निळ्या खुणा दिसल्या तर फोटो काढून ठेवा. पण समोरच्यानं त्या खुणा बंद ठेवलेल्या असू शकतात, तेव्हा त्यावर भिस्त नको.

परत आलेलं पाकीट वाचायला शिका

आता वाट बघायची, पण डोळे उघडे ठेवून. indiapost.gov.in वर नंबर घातला की प्रवास दिसतो. दर दोन दिवसांनी तो बघा आणि प्रत्येक टप्प्याचं पान छापून किंवा पीडीएफ करून ठेवा. ही माहिती तिथं कायम राहत नाही. सहा महिन्यांनी गरज पडते तेव्हा ती सापडत नाही.

भाच्याचं एक पाकीट, मालकांच्या पत्नीच्या, म्हणजे वहिनींच्या नावाचं, 19 तारखेला पोस्टमनपर्यंत गेलं आणि ‘दार बंद, सूचना दिली’ असा शेरा आला. मालकांच्या पाकिटाचंही तेच. कळलं की दोघंही मुंबईला लेकीकडे गेले होते. अशा वेळी पोस्टमन दाराशी चिठ्ठी टाकतो, पाकीट काही दिवस पोस्टात थांबतं आणि कुणी न्यायला आलं नाही तर परत फिरतं.

परतीच्या पाकिटावर शेरा काय आहे यावर सगळं अवलंबून असतं. ‘घेण्यास नकार’ असेल तर खरं म्हणजे आनंद माना. नाकारलेलं पत्र मिळालेलंच धरलं जातं. पत्र येतंय हे कळल्याशिवाय माणूस नकार कशाला देईल! ‘दार बंद’ किंवा ‘मागणी केली नाही’ हे शेरेही पत्ता बरोबर असेल तर साधारण तुमच्याच बाजूचे. सर्वोच्च न्यायालयानं 2007 साली अलवी हाजी प्रकरणात चेक न वटल्याच्या नोटिशीबद्दल हेच म्हटलं की योग्य पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवलेली नोटीस पोचली असं गृहीत धरता येतं, आणि पोचली नाही हे दाखवायची जबाबदारी घेणाऱ्याची. पण हे गृहीतक आहे, अंतिम निकाल नाही. मालकानं तेव्हाची मुंबईची तिकिटं दाखवली तर वाद जिवंत होतो. खरे धोक्याचे शेरे दोन: ‘अपुरा पत्ता’ आणि ‘पत्ता सोडून गेले’. यांत चूक तुमच्या खात्यात जमा होते. लगेच पत्ता शोधून नव्यानं पाठवा.

परत आलेलं पाकीट फोडू नका. मोह होतो, मलाही झाला होता. पण बंद पाकीट कोर्टात उघडलं तर आतलं पत्रही सिद्ध होतं. फोडलं की पुन्हा कोऱ्या कागदाचा प्रश्न. दोन्ही बाजूंचे फोटो काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत तसंच ठेवून द्या.

गोव्यात चवथीचे दिवस तर टाळाच. चवथीला पणजी-मडगावचे फ्लॅट रिकामे होतात, सगळे मूळ घरी जातात. त्या आठवड्यात पोचणारं पाकीट दारात अडकलं म्हणून समजा. मुदत चवथीच्या जवळ येत असेल तर पत्र तीन आठवडे आधी टाका.

हातोहात

पोस्टात असा खोळंबा झाला तेव्हा मी भाच्याला म्हटलं, तिसरी प्रत घे आणि स्वतः जा. रविवारी, 23 नोव्हेंबरला, ते परत आल्याचं कळताच तो शेजाऱ्याला सोबत घेऊन फोंड्याला गेला. मालक बाहेर गेले होते, वहिनी घरी होत्या.

सहीसाठी प्रत आधीच तयार करून नेली होती. पत्राच्या खाली चार ओळी छापून: मूळ प्रत मिळाली, नाव, सही, तारीख आणि वेळ, मालकाशी नातं. वहिनी म्हणाल्या, ‘‘मी कशी सही करू, ते आल्यावर करतील.’’ भाच्यानं सांगितलं, ‘‘वहिनी, मजकूर मान्य आहे असं लिहू नका. वाटल्यास लिहा की पत्र मिळालं, मजकूर मान्य नाही. फक्त आज हातात मिळालं एवढं हवंय.’’ त्यांनी तेच लिहून सही केली. लोकांना ‘मान्य नाही’ वाचून धडकी भरते, पण आपल्याला मान्यता नकोच असते. नोटीस पोचली एवढं पुरे, आणि ते वाक्य तेच सांगतं. वहिनी स्वतः करारावर सही केलेल्या, त्यामुळे त्यांची पोच तर दुप्पट कामाची.

सही नुसती रेघोटी असेल तर शेजारी मोठ्या अक्षरांत नाव लिहून घ्या. तारीख त्यांच्याच हातानं लिहून घ्या, तुम्ही नंतर भरू नका. इमारतीच्या वॉचमनची सही नको, तो ना कुटुंबातला ना मालकाचा नोकर. मालक सोसायटी किंवा कंपनी असेल तर आवक शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. शिक्क्यावर तारीख फिरवायला विसरलेली असते, ते तिथंच बघा.

सही द्यायला सपशेल नकार दिला तर वाद घालू नका. पत्र समोर ठेवा आणि बाहेर येऊन त्याच दिवशी एका कागदावर लिहा: कोण होतं, किती वाजता, काय म्हणाले. सोबतच्या माणसाची सही घ्या. मग तीच गोष्ट ईमेलनं मालकाला कळवा: ‘आज दुपारी बारा वाजता पत्र द्यायला आलो होतो, आपण सही करण्यास नकार दिलात.’ तो ते खोडणार नाही किंवा उत्तर देईल. दोन्हींमध्ये तारीख पक्की होते. आणखी एक सावधगिरी बाळगा. मालक त्याच वेळी आपला कागद पुढे करून ‘सही कर’ म्हणतो. त्यात ‘सर्व हिशेब पूर्ण झाला’ असं एखादं वाक्य असतं. घरी नेऊन वाचल्याशिवाय त्यावर सही करू नका.

शेवटी हिशेब कसा बसला

वहिनींना पत्र 23 नोव्हेंबरला मिळालं. महिना 23 डिसेंबरला पुरा झाला, 31 च्या आतच. भाच्यानं ठरल्याप्रमाणे 31 ला घर सोडलं. जानेवारीत मालकानं डिपॉझिटमधून 18,000 कापून उरलेले पाठवले. कारण दिलं की नोटीस मिळाली ती डिसेंबरात, पोस्टातून पाकीट सोडवलं तेव्हा. भाच्यानं ईमेलनं तीन कागद पाठवले: वहिनींच्या सहीची प्रत, पोस्टाच्या पावत्या आणि 17 तारखेची मूळ ईमेल. रागाचं वाक्य एकही नाही. सोबत एवढंच लिहिलं की करारात मुदत नोटीस मिळाल्यापासून आहे आणि ती करारातल्या एका मालकाला 23 नोव्हेंबरला हातात मिळाली आहे. दहा दिवसांत बाकीचे पैसे खात्यात आले.

डिपॉझिट असंच अडकलं तर दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. तोवर सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवा: सहीची प्रत, पोचपावती, परतीचं न फोडलेलं पाकीट, ट्रॅकिंगची पानं, .eml फाइल. आणि घर सोडताना चाव्या देता तेव्हा त्याचीही पोच घ्या: किती चाव्या, वीज मीटरचा आकडा, तारीख, सही. भाच्यानं तीन चाव्या दिल्या आणि कागदावर लिहून घेतल्या दोन. मालक तिसरीबद्दल अजून विचारतात.